स्टॉलचा स्टँडी लांबून वाचता येत नाही: चूक कुठे असते आणि ती कशी काढायची

"भाऊ, लोक अगदी टेबलापाशी येऊन विचारतात, हा कसला स्टॉल म्हणून. एवढा मोठा स्टँडी लावलाय, तरी?"

सत्तरी तालुक्यातल्या एका महिला स्वयंसहाय्य गटाच्या ताईंचा हा फोन मला प्रदर्शनाच्या पहिल्याच दुपारी आला. कोकम सरबत, आमसुलं, काजू, आगळ असा त्यांचा माल. पणजीजवळच्या एका बंदिस्त हॉलमध्ये तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. स्टॉल नेहमीच्या मापाचा, म्हणजे ३ मीटर बाय ३ मीटर, आणि सोबत ३ बाय ६ फुटांचा गुंडाळी स्टँडी. डिझाइन माझंच होतं. ताईंनी ते मोबाइलवर पाहून पसंत केलं होतं आणि मलाही ते चांगलं वाटलं होतं. संध्याकाळी डिचोलीहून मुद्दाम हॉलवर गेलो, दारातून आत शिरलो आणि त्यांच्या रांगेत ३० फुटांवरून पाहिलं. स्टॉल कुठला ते मला माहीत होतं, तरी स्टँडीवरचं एक अक्षर लागेना.

हीच तक्रार मी दरवर्षी निरनिराळ्या लोकांकडून ऐकतो. बहुतेक जण त्यावर एकच उपाय सुचवतात, "अक्षरं मोठी करा." अक्षरं मोठी करावी लागतातच, पण त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. त्यातल्या पहिलीला एक पैसाही लागत नाही.

आधी स्टँडीचं तोंड कुठे आहे ते बघा

ताईंनी स्टँडी स्टॉलच्या पुढच्या कोपऱ्यात उभा केला होता. तोंड सरळ बाहेर, म्हणजे समोरच्या स्टॉलकडे. बहुतेक सगळे असाच लावतात, कारण स्टॉलमध्ये उभं राहून पाहिलं की तो असाच नीट वाटतो. पण गिऱ्हाईक समोरच्या स्टॉलमधून येत नाही. ते वाटेवरून, बाजूने चालत येतं.

दोन रांगांमधली वाट साधारण १० फुटांची धरा. माणूस वाटेच्या मधोमध चालतोय, म्हणजे स्टँडीच्या रेषेपासून तो फक्त ५ फूट बाजूला आहे. तो ३० फुटांवर असताना वाटेला समांतर उभा केलेला स्टँडी त्याला इतका तिरका दिसतो, की ३६ इंचांची रुंदी आकसून जेमतेम ६ इंचांएवढी भासते. पुस्तक बंद करून त्याच्या पाठीवरचं नाव वाचावं, तसं. १० फुटांवर आला तरी अर्ध्याहून कमीच रुंदी त्याच्या वाट्याला येते. अक्षरं पुरेशी उघडतात तेव्हा तो स्टॉलच्या जवळजवळ समोर पोचलेला असतो, आणि पुढच्या दोन पावलांत पुढेही गेलेला असतो.

तोच स्टँडी येणाऱ्या माणसाकडे ४५ अंशांत वळवला, तर ३० फुटांवरूनही त्याची ८० टक्क्यांच्या आसपास रुंदी दिसते. मी त्याच संध्याकाळी तो वळवला. फक्त पाय स्टॉलच्या हद्दीत ठेवले, वाटेत येऊ दिले नाहीत, कारण वाटेत आलेली वस्तू आयोजकांची माणसं लगेच मागे घ्यायला लावतात. मुख्य दारातून लोक ज्या बाजूने जास्त येतात त्या बाजूला तोंड केलं. एवढ्यानेच ताईंच्या गटाचं बोधचिन्ह लांबून दिसायला लागलं. नाव मात्र अजून वाचता येत नव्हतं.

दोन्ही बाजूंनी सारखीच गर्दी येत असेल तर दोन बारके स्टँडी दोन कोपऱ्यांत, दोन दिशांना तोंड करून लावणं हे एका मोठ्या स्टँडीपेक्षा कितीतरी चांगलं. मागच्या भिंतीवरचा बॅनर हे वेगळं प्रकरण आहे. तो फक्त समोर आलेल्या माणसाला दिसतो. स्टॉलची खोली १० फूट आणि वाट १० फूट, म्हणजे फार तर २० फुटांवरून. म्हणून लांबून ओढून आणण्याचं काम मागच्या बॅनरवर सोपवू नका, ते पुढच्या स्टँडीचं काम.

गर्दीत किती उरतं

दुसरी तपासणी गर्दीच्या वेळी करायची, सकाळी दहाला नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला त्या वाटेत माणसं भरली तेव्हा स्टँडीचा चार फुटांखालचा सगळा भाग गेला. समोर माणसं, त्यांच्या पिशव्या, खांद्यावरची मुलं. जे उरलं ते जमिनीपासून चार ते सहा फुटांच्या मधलं, म्हणजे वरचे दोन फूट.

आणि माझ्या डिझाइनमध्ये त्या दोन फुटांत काय होतं? १० इंचांचं बोधचिन्ह, त्याखाली काजूच्या झाडाचा फोटो, आणि फोटोच्या कडेला तिरक्या वेलबुट्टीच्या अक्षरांत गटाचं नाव. "कोकम सरबत" हे शब्द कुठे, तर कमरेच्या उंचीला, चौदा वस्तूंच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर. गटाच्या नावावरून माल कळत नव्हता. त्यात गावच्या देवीचं नाव होतं, आणि ते त्यांच्यासाठी मोलाचं आहे, पण पणजीत आलेल्या अनोळखी माणसाला त्यावरून सरबत मिळतं की साड्या, हे कसं कळणार?

तेव्हापासून माझा नियम असा: वरच्या दोन फुटांत काय विकता ते. कोण विकतं ते त्याखाली. यादी, मोबाइल नंबर, पत्ता आणि स्कॅन करायचा चौकोन मधल्या दोन फुटांत, कारण ते वाचणारा माणूस समोर येऊन थांबलेला असतो. खालच्या दोन फुटांत फक्त रंग किंवा चित्र. शेवटचे चार-सहा इंच तर स्टँडी ज्यात गुंडाळला जातो त्या तळाच्या पेटीतच जातात, तिथे लिहिलेला नंबर गुंडाळीत अडकून राहतो. पेटीगणिक हे माप बदलतं, म्हणून डिझाइन करण्याआधी छपाईवाल्याला विचारून घ्या.

बोधचिन्ह खाली आणण्यावरून हमखास वाद होतो. ताईही आधी तयार नव्हत्या. मी त्यांना वाटेच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि म्हटलं, आता कुठल्याही स्टॉलकडे बघा आणि तिथे काय मिळतं ते सांगा. चार स्टॉलांपैकी एकाचंच त्यांना सांगता आलं, कारण त्याने वरती नुसतं "लोणची" लिहिलं होतं.

आता अक्षराची उंची, पण खरी

फलकांच्या धंद्यात एक जुनं माप चालतं: दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर. त्यामागे दृष्टीचा हिशोब आहे. डोळ्यांच्या तपासणीच्या तक्त्यात चांगली नजर असलेल्या माणसाला ६ मीटरवरून जे सगळ्यात बारीक अक्षर वाचता यावं लागतं, ते साधारण ९ मिलिमीटर उंच असतं. पण तिथे माणूस स्थिर बसलेला, तक्त्यावर भरपूर उजेड, आणि तो वाचायचा प्रयत्न करत असतो. १० फुटांना १ इंच म्हणजे त्या किमान मापाच्या सहापट. चालता चालता, कमी उजेडात, वाचायचं मनातही नसलेल्या माणसाने वाचावं म्हणून एवढी मोकळीक लागते.

हे माप इंग्रजी मोठ्या अक्षरांचं आहे. देवनागरीसाठी मी त्याची दीडपट करतो. आपल्या अक्षरांत फरक फार बारीक जागी असतो. ध आणि घ, भ आणि म यांत फरक काय, तर शिरोरेषा कुठे तुटते एवढाच. व आणि ब यांत पोटातली एक तिरपी रेघ. माझ्या पहिल्या स्टँडीवर यादीतलं "सरबत" मी १५ फुटांवरून पाहिलं तर चक्क "सरवत" दिसत होतं. अक्षर इतकं ठसठशीत जाड घेतलं होतं, की ब च्या पोटात जागाच उरली नव्हती आणि ती रेघ शाईत बुडाली होती.

दुसरा घोळ पॉइंटचा. ताईंना मी सांगितलं होतं की गटाचं नाव तीन इंचांचं आहे, आणि ते मला मनापासून खरं वाटत होतं. कोरलमध्ये आकडा २२० पॉइंट होता. ७२ पॉइंटांचा एक इंच, म्हणजे तीन इंचांहून थोडं जास्तच. पण हा आकडा अक्षराच्या उंचीचा नसतो. वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार आणि खालचे उकार या सगळ्यांना मिळून जी जागा राखलेली असते, तिचा तो आकडा. हॉलवर छापील स्टँडीला टेप लावली. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत पावणेदोन इंचच भरले. पावणेदोन इंचांना इंग्रजीच्या मापाने साडेसतरा फूट, आणि देवनागरीची दीडपट धरली की १२ फुटांच्या आसपास. लोक टेबलापाशी येऊन का विचारत होते, ते तिथल्या तिथे कळलं.

म्हणून पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक फॉन्टमध्ये हे प्रमाण वेगळं असतं. पान खऱ्या मापाचं घ्या, ३६ बाय ७२ इंच, त्यावर एक क टाइप करा, शिरोरेषा आणि तळ यांना दोन आडव्या मार्गरेषा लावा आणि मधलं अंतर मोजा. तेच तुमचं खरं माप.

ताईंच्या नव्या स्टँडीचा हिशोब असा झाला. ३० फुटांवरून वाचता यायला हवं, म्हणजे ३ इंच, त्याची दीडपट साडेचार. "कोकम सरबत" एका ओळीत बसवून पाहिलं, तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच सोडून अक्षराचं अंग सव्वाचार इंचांपुढे जाईना. थोडक्यात हुकत होतं. दोन ओळी केल्या, वर "कोकम", खाली "सरबत", तर ७ इंच मिळाले आणि बाजूंना मोकळी जागाही राहिली. मात्रा आणि दोन ओळींमधली जागा धरून सगळं मिळून २० इंच. वरच्या दोन फुटांत नेमकं मावलं.

गोव्यात भाषा किती घ्यायच्या

हा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे, कारण त्याच वाटेवरून मराठी वाचणारा, कोंकणी वाचणारा आणि फक्त इंग्रजी वाचणारा पर्यटक अशा तिघांनाही यायचं असतं. पहिल्या स्टँडीवर मी तिन्ही भाषा सारख्या आकारात घेतल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीला तिसरा हिस्सा आणि एकीलाही पुरेशी जागा नाही.

इथे शब्दाची निवड कामाला येते. मराठी "आमसूल" आणि कोंकणी "सोलां" दोन्ही लिहायचं म्हटलं तर दोन ओळी जातात. "कोकम" दोघांनाही कळतं आणि देवनागरी दोघांचीही, मग एका शब्दात काम होतं. त्याखाली इंग्रजीत तोच शब्द ३ इंचांच्या मोठ्या अक्षरांत टाकला. पाच अक्षरांना फुटाभराची रुंदी पुरते. इंग्रजी अक्षरांना दीडपट लागत नाही, त्यामुळे ३ इंचांतही ती ३० फुटांवरून वाचता येतात. वस्तूंची यादी चौदावरून चारवर आणली. बाकीच्या दहा वस्तू टेबलावर मांडलेल्याच होत्या.

अक्षराची जाडी, रंग आणि स्टॉलचे दिवे

फॉन्ट साधा घ्या. मुक्ता, हिंद, बलू हे फुकट मिळतात आणि पहिल्या दोघांत मध्यम जाडीची चांगली वजनं आहेत. मध्यम जाड घ्यायचं, सगळ्यात जाड नाही, म्हणजे ब, ष, ण, क्ष यांची पोटं उघडी राहतात. दोन अक्षरांमधली जागा वाढवायचा मोह होतो, तो टाळा. शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द लांबून एकसंध दिसत नाही. छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करून द्या, नाहीतर छपाईवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात.

रंगात माझी चूक होती मरून पार्श्वभूमीवर सोनेरी नावाची. पडद्यावर सोनेरी चमकतं. फ्लेक्सवर ते मोहरीच्या पिवळ्या-तपकिरी रंगाचं येतं, कारण चार रंगांच्या छपाईत धातूची चमक नसते. डिझाइन एकदा काळं-पांढरं करून बघा. अक्षरं आणि पार्श्वभूमी दोन्ही सारख्याच करड्या झाल्या, तर लांबूनही त्या तशाच मिसळणार.

आणखी एक गोष्ट हॉलवर गेल्याशिवाय लक्षात येत नाही. स्टॉलचे दिवे बहुधा पुढच्या नावपट्टीला आतून लावलेले असतात आणि त्यांचं तोंड मागच्या भिंतीकडे असतं. मागचा बॅनर उजळतो, पुढच्या कोपऱ्यातला स्टँडी त्या दिव्यांच्याही पुढे अंधारात राहतो. गडद मरून स्टँडी तिथे आणखीच विझतो. म्हणून पुढच्या स्टँडीला मी आता हलकी पार्श्वभूमी आणि गडद अक्षरं घेतो. ताईंच्या नव्या स्टँडीला फिक्कट पिवळसर पार्श्वभूमी आणि पिकलेल्या कोकमाचा गडद जांभळट लाल. मागच्या बॅनरचं उलट. त्यावर दिवा थेट पडतो, तेव्हा चकचकीत छपाई घेतली तर दिव्याचा पांढरा डाग नेमका नावावर बसतो. तिथे मॅट लॅमिनेशन सांगा.

चित्र "फाटेल" या भीतीने काही जण प्रचंड मोठी फाइल पाठवतात. खऱ्या मापाला १०० डीपीआय पुरे. न वाचता येण्याचं कारण मी आजवर तिथे सापडलेलं पाहिलेलं नाही.

छापण्याआधीची चाचणी

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं डिझाइन केलं, पण या वेळी ते मोबाइलवर पसंत करून घेतलं नाही. मोबाइलवरचा स्टँडी आपण हातभर अंतरावरून, पूर्ण लक्ष देऊन, बोटांनी मोठा करून बघतो.

त्याऐवजी हे करा. ३ बाय ६ फुटांचा स्टँडी ३ बाय ६ इंचांच्या मापात ए-फोर कागदावर छापा. शक्यतो लेझर प्रिंटरवर, कारण साध्या शाईच्या प्रिंटरवर बारीक अक्षरं पसरतात. आता एक फूट म्हणजे एक इंच झालं. कागद भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा आणि ३० इंचांवर उभे राहा. हॉलमध्ये ३० फुटांवरून जे दिसणार, तेच तुम्हाला दिसतंय. १० बाय ८ फुटांचा मागचा बॅनरही १० बाय ८ इंचांत ए-फोरवर आडवा मावतो. तो २० इंचांवरून बघायचा.

मग चित्राच्या खालच्या ४ इंचांवर कोरा कागद धरा. ती झाली गर्दी. उरलेल्या दोन इंचांत स्टॉल कशाचा ते कळतंय का? शेवटी ते डिझाइन न पाहिलेल्या कुणाला तरी बोलवा, दोन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. स्वतःवर विश्वास ठेवू नका. शब्द आपल्याला पाठ असतात, त्यामुळे आपल्याला "सरवत"सुद्धा "सरबत"च दिसतं. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांना बोलावलं. चष्मा लावून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कोकम सरबत. खाली इंग्रजीत पण काहीतरी आहे." एवढंच मला हवं होतं. आधीचा स्टँडी त्याच पद्धतीने छापून दाखवला, तर म्हणाले, "झाड आहे कसलंतरी."

दुपारी छपाईला दिलं, रात्री पेटीतला जुना कागद काढून नवा बसवला. पेटी तीच, त्यामुळे खर्च फक्त छपाईचा. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी मी वाटेच्या टोकापासून चालत आलो. ३० फुटांवर "कोकम सरबत" स्वच्छ, ब च्या पोटातली रेघसुद्धा दिसत होती. गटाचं नाव १० फुटांवर आल्यावर लागत होतं, आणि तिथे ते तेवढंच हवं होतं. दुपारी ताईंचा फोन आला तो बर्फ आणून द्यायला कुणी आहे का, हे विचारायला.

हे सगळं बंदिस्त हॉलचं झालं. कांपालसारख्या उघड्या मैदानावर प्रदर्शन असेल तर गुंडाळी स्टँडी नेऊच नका. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला की तो शिडासारखा फुगतो आणि आडवा होतो. तिथे लोखंडी चौकटीवर चारही बाजूंनी आयलेटने ताणून बांधलेला फ्लेक्स घ्या आणि चौकट स्टॉलच्या खांबाला बांधा. वाटाही रुंद असतात आणि लोक आणखी लांबून बघतात. म्हणून आधी जागेवर जाऊन पावलांनी अंतर मोजा आणि वरचा हिशोब त्या अंतराने नव्याने करा. ५० फूट आलं, तर देवनागरीला साडेसात इंच.